पाटीच्या तळाशी

मला एक वाईट खोड आहे. रस्त्यात पाटी दिसली की मी ती वाचते आणि चूक सापडली की थांबते. रिक्षात असले तर रिक्षावाल्याला थांबवते. एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. ते फक्त मोबाईलमध्ये गेलं. पाटीचा फोटो काढायचा, खाली एखादी बोचरी ओळ लिहायची आणि आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून द्यायचा. सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत माझ्या पाटीची वाट बघणारी माणसं होती, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

पूर्वी पाट्यांवरच्या चुका माणसांच्या असत. रंगारी ऱ्हस्वाचं दीर्घ करायचा, जागा संपली की शेवटची दोन अक्षरं खाली ढकलायचा. त्या चुकांवरून माणूस ओळखू यायचा. आताच्या चुका निराळ्या आहेत. अक्षर सुबक, शुद्धलेखन बिनचूक, आणि अर्थ मात्र कुठल्या कुठे. इंग्रजी मजकूर मोबाईलला द्यायचा, त्यानं मराठी ओकली की तशीच छापायला पाठवायची. म्हणतात की यंत्र आता पुष्कळ सुधारलंय. असेलही. लांबलचक परिच्छेद दिला तर ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पण पाटीवर असतात दोन-चार शब्द. मागचं-पुढचं काही कळायला मार्ग नाही, मग ते ठोकून देतं अंदाज. पाण्याला पुल्लिंगी करतं, गाडीला नपुंसकलिंगी. इंग्रजी वाक्प्रचार दिसला की त्यातला एकेक शब्द सुटा करून मराठीत मांडून ठेवतं. वाचणारा बिचारा विचार करत बसतो.

आमच्या नगरच्या सावेडीत एका नव्या दातांच्या दवाखान्याबाहेर मला असाच एक नमुना सापडला. मोठा फ्लेक्स होता, हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: ‘थंड पाय मिळाले? घाबरू नका, आम्ही तुमची हात धरू!’ मी रिक्षातून उतरलेच. इंग्रजीत ऐनवेळी धीर सुटला की पाय थंड पडतात, हे मला माहीत होतं. पण नगरच्या माणसाचे पाय थंड पडले तर तो मोजे घालतो, दाताच्या डॉक्टरकडे जात नाही. आणि ‘तुमची हात’! मी फोटो काढला आणि गटावर लिहिलं, ‘दातांच्या दवाखान्यात आता पायांवरही इलाज. हाताचं मात्र ऑपरेशन झालेलं दिसतंय, पुरुषाची बाई झाली.’ त्या दिवशी मला जेवढे हसरे चेहरे मिळाले तेवढे शाळेच्या निरोपसमारंभातही मिळाले नव्हते. फोटो आमच्या गटातून दुसऱ्या गटात, तिथून तिसऱ्यात असा शहरभर फिरला.

पंधरा-वीस दिवसांनी मला एका कागदाचं लॅमिनेशन करून हवं होतं म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या दुकानात गेले. ती मूळची श्रीगोंद्याकडची. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, निबंध बेताचा पण अक्षर मोत्यासारखं. आता नगरात तिचं स्वतःचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. डिझाईन तीच करायची, मशीनही तीच चालवायची. एरवी मला पाहिलं की खुर्ची पुसून पुढे करणारी ही मुलगी त्या दिवशी नुसतं ‘या बाई’ म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मी म्हटलं, “काय गं, रागावलीस का माझ्यावर?”

“न्हाई बाई, तुमच्यावर कशाला रागवू?” ती म्हणाली. मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “तो दवाखान्याचा फ्लेक्स माझ्या दुकानातला हुता.”

ती शांतपणे सांगत होती. मजकूर डॉक्टरांनीच मोबाईलवरून पाठवला होता. तिचा नियम असा की छापायच्या आधी ग्राहकाला नमुना पाठवायचा आणि त्याचा ‘ओके’ आल्याशिवाय मशीनवर घ्यायचं नाही. नमुना गेला, अंगठा आला, फ्लेक्स छापला. गावभर हसं झाल्यावर डॉक्टरांनी बोर्ड उतरवला आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या दुकानाला दिलं.

“मजकूर त्यांचा, ओके त्यांचा,” ती म्हणाली, “पन पाटीच्या तळाशी नाव माझं असतं ना, बाई.”

मी मोबाईल काढून तो फोटो मोठा करून पाहिला. खरंच, खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिच्या दुकानाचं नाव होतं. सगळी पाटी वाचली होती मी, एवढंच वाचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तिनं मात्र विषय बदलला. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं काम तिच्याकडे आलं होतं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत आवारात सुरक्षेच्या चाळीस पाट्या लागायच्या होत्या. तिला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं बजावून सांगितलं होतं की एक पाटी जरी चुकली तरी सगळ्या परत येतील आणि पुढचं वर्षभराचं काम पुण्याच्या दुकानाला जाईल. दवाखान्याचा फोटो त्याच्याही मोबाईलवर पोचला होता. मजकूर कुठल्या तरी सल्लागारानं इंग्रजीत केलेला, आणि मराठी कोणी केली हे पहिल्या ओळीतच कळत होतं.

“तुमी तपासून द्याल का?” तिनं विचारलं.

द्याल का म्हणजे काय! मी तिथल्या तिथे कबूल झाले.

दुसऱ्या दिवसापासून ती एकेक मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवू लागली आणि मी दुपारचा चहा समोर ठेवून सुधारायला बसले. कारखान्यात आग लागली तर सगळ्यांनी जिथे जमायचं त्या जागेला यंत्रानं ‘विधानसभा बिंदू’ म्हटलं होतं. ट्रॅक्टरवाल्यांनी अगदी सावकाश जावं म्हणून ‘मृत हळू चालवा’ असा हुकूम होता. ज्या क्रेननं उसाच्या मोळ्या उचलतात तिचा पक्षी झाला होता आणि ‘सावधान, वर सारस काम करत आहे’ अशी सूचना तयार होती. ‘पिण्याचा पाणी’ होता, ‘बैलगाडी येथे उभा करा’ होतं, आणि जिथे फरशी ओली असते तिथे अख्खा ‘ओला मजला’ होता. मी एकटीच घरात खदखदा हसत होते. फोटो काढून गटावर टाकायला हात शिवशिवत होते, पण या वेळी मी तो मोह आवरला, ही गोष्ट मी माझ्या जमेच्या बाजूला धरते.

सुधारताना मला तिनंच एकदा टोकलं. विधानसभेच्या जागी मी लिहिलं होतं, ‘आपत्कालीन प्रसंगी एकत्र येण्याचे नियोजित स्थान’. तिचा लगेच फोन आला.

“बाई, आग लागल्यावर एवढं वाचत कोन थांबंल? ऊसतोडीची मानसं हायेत ती.”

मी चिडले. चिडून ‘आग लागली तर इथे जमा’ असं लिहून पाठवलं. तेच बरोबर होतं.

आता माझी दुसरी खोड सांगायला हवी. वही तपासताना मी नुसती चूक कधी दुरुस्त केली नाही. शेजारी शेरा मारायचेच. ‘हा शब्द कुठून उचललास?’, ‘पुन्हा वाच’, ‘अरे देवा’. पोरांना दुरुस्तीपेक्षा शेराच पाठ असायचा. इथेही माझ्या प्रत्येक उत्तराला शेपूट होतं. सारसापुढे मी ‘वर क्रेन चालू आहे’ असं लिहिलं आणि त्याच निरोपात खाली, ‘पक्ष्याला कामाला लावणारे आपण कोण?’ ती ते शेरे वाचून हसायची, काढून टाकायची आणि वरची ओळ उचलून डिझाईनमध्ये चिकटवायची.

एका ठिकाणी रस्त्यावर आडवा खाली आलेला पाइप होता. तिथल्या पाटीवर यंत्रानं ‘वॉच युवर हेड’चं मराठी केलं होतं, ‘आपले डोके पहा’. मी लिहिलं, ‘डोकं सांभाळा.’ आणि खाली शेरा.

चाळीस पाट्यांचा नमुना एकाच फाईलमध्ये तयार झाला. शाळेतल्या एक बाई मजकूर तपासतायत, एवढंच सुरक्षा अधिकाऱ्याला माहीत होतं; त्यानं तो गडबडीत पाहिला आणि विचारलं, “बाईंनी बघितलंय ना?” तिनं तो मला पाठवला. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. लिंग बरोबर, वचन बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, पूर्णविराम जागेवर. एकही चूक नाही. मी मोठ्या समाधानानं अंगठा दाखवला. माझा ओके गेला म्हणून तिचा गेला, तिचा गेला म्हणून अधिकाऱ्याचा. पाट्या छापून झाल्या, सनबोर्डाच्या फळ्यांवर चिकटवून झाल्या, मोळी टाकून हंगाम सुरू करायच्या आदल्या दिवशी आवारात लागल्यासुद्धा.

त्यानंतर आठेक दिवसांनी, सकाळी मी मटार सोलत बसले होते, तेव्हा गटावर एक फोटो आला. पाठवणारे आमचे गणिताचे सर. त्यांच्या घरचा ऊस त्याच कारखान्याला जातो. फोटोत तो आडवा पाइप होता, पाइपाला लावलेली पिवळी पाटी होती आणि पाटीवर ठळक काळ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘डोकं सांभाळा. पाहणार कसं? आरसा लावणार आहात का?’

खाली सरांनी लिहिलं होतं, ‘यंत्राला वेड लागलं, बघा!’ लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, ‘भाषांतर करणाऱ्या मशीनचं डोकं तपासा.’ दुसऱ्यानं फोटो मोठा करून तळाचं नाव वाचलं आणि लिहिलं, ‘हे तर ते थंड पायवालं दुकान!’ शेवटी सरांनी मलाच विचारलं, ‘बाई, आपला शेरा?’

माझा शेरा! पाटीवरच छापला होता की.

मला ती फाईल आठवली, चष्मा पुसलेला आठवला. बाकीचे शेरे शेरेच वाटत होते म्हणून तिनं काढले. हा मात्र वरच्या ओळीला असा बेमालूम जोडून आला होता की तिला तो सूचनेचाच भाग वाटला, आणि बाईंनी लिहिलंय म्हणजे असेल काहीतरी विचार करून, असं म्हणून तिनं तो ठेवला. आणि मी? मी तो नमुन्यात दोनदा वाचला होता. पण मी चूक शोधत होते, आणि माझ्या स्वतःच्या वाक्यात चूक असू शकते हे माझ्या मनातही आलं नाही. व्याकरण बरोबर होतं ना.

खरं सांगते, दहा मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. गप्प बसले असते तर यंत्रावर गेलं असतं. यंत्र काही भांडायला येत नाही. पण पाटीच्या तळाशी यंत्राचं नाव नव्हतं.

मी तिला फोन केला. तिला आधीच कळलं होतं. सुरक्षा अधिकाऱ्यानं तिला दुपारी कारखान्यावर बोलावलं होतं. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

“बाई, मी तुमचं नाव सांगनार न्हाई,” ती म्हणाली.

“तू नको सांगूस. मी येते आणि मीच सांगते,” मी म्हटलं.

निघण्याआधी मी गटावर लिहिलं: ‘ही चूक यंत्राची नाही. दुकानाचीही नाही. यंत्रानं केलेली चूक सुधारताना मी मारलेला शेरा छापला गेला आहे आणि नमुना मीच पास केला होता. दवाखान्याचा मजकूरही दुकानाचा नव्हता; तेव्हा मी काही न विचारताच हसले.’ पाठवलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. गटावर काय झालं ते बघायची माझी छाती नव्हती.

तिच्या स्कूटीवर मागे बसून जायचं वय माझं राहिलं नाही, म्हणून आम्ही एसटीनं गेलो. वाटेत उसाच्या गाड्यांमागे बस रेंगाळत होती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे. वर्गात तिला निबंधावर मी एकदा ‘विचार कमी, अक्षर छान’ असा शेरा दिला होता. तो तिला आठवत असेल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सुरक्षा अधिकारी तरुण होता, नाकासमोर चालणारा. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, चूक कोणाची हा प्रश्न नाही. माझ्या आवारात लागलेल्या सूचनेत सूचनेशिवाय दुसरं काही नको. चला, पाटी बघू.” आम्ही तिघं त्या पाइपापाशी गेलो. बैलगाड्या रिकाम्या करून पाण्याच्या नळाकडे जायची ती वाट होती. पाइप जेमतेम माझ्या कपाळाच्या उंचीवर.

पाटीखाली एका खिळ्याला गोल, लाल प्लास्टिकच्या चौकटीचा आरसा टांगलेला होता.

अधिकारी थबकला. त्यानंही तो प्रथमच पाहिला असावा. तेवढ्यात पाथर्डीकडून तोडीला आलेली एक बाई रिकामी कळशी घेऊन आली. आरशापाशी थांबली, डोक्यावरचा रुमाल नीट केला, कुंकू पाहिलं, वर पाइपाकडे बघून वाकली आणि पलीकडे गेली. तिच्या मागच्या बाईनंही अगदी तेच केलं.

“आरसा कोणी लावला?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“आमीच,” पहिली बाई नळावरून म्हणाली. “पाटीवर इचारलंय की, आरसा लावनार का म्हून. आमी म्हनलं, लावू. कोपीवर, आमच्या खोपटात, एक जादा हुता. तुमी साहेब लोक तर काय लावनार न्हाई.”

“वाचता येतं तुम्हाला?” मी विचारलं.

“येतंय की. पन बाकीच्या पाट्या काय वाचायच्या? समद्या हुकूम सोडत्यात. ही एकटीच बोलती.”

अधिकाऱ्यानं घसा खाकरला. मग त्यानं आम्हाला सगळं आवार फिरवलं आणि उरलेल्या एकोणचाळीस पाट्या एकेक करून मोठ्यानं वाचायला लावल्या. वाचायची मी, बघायचा तो, आणि ती माझ्या मागून ओठ घट्ट मिटून चालत होती. शेवटची पाटी झाली तेव्हा तो म्हणाला, “बाकी बरोबर आहेत. एवढी एक बदलून आणा. काम तुमच्याकडेच राहील.” मग निघता निघता म्हणाला, “आरसा राहू दे.”

ती गेटाबाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसली आणि रडली. मीही रडले, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिला म्हटलं, “नव्या पाटीच्या तळाशी तुझ्या नावाखाली माझंही टाक. मजकूर तपासला म्हणून.”

“काय टाकू? पूर्न नाव?”

“नुसतं ‘बाई’ टाक. चूक निघाली तर माझ्याकडे येतील बरोबर.”

ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नमुना आला. पिवळी पाटी, काळी अक्षरं: ‘वर पाइप आहे. डोकं सांभाळा.’ तळाशी दुकानाचं नाव आणि त्याखाली, भिंगातून वाचावं इतक्या बारीक अक्षरात, ‘मजकूर तपासणी: बाई’. एवढे मोजके शब्द होते. मी वाचले. पुन्हा वाचले. चहा गार झाला तरी वाचतच होते.

अर्ध्या तासानं तिचा फोन आला. “बाई, मशीन चालू करून ठेवलंय. ओके ना?”

“थांब गं,” मी म्हटलं, “अजून वाचतेय.”